४७ स्लाइड्स, आणि श्रोता कोण?

सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस स्लाइड्स मी शेवटपर्यंत पाहिल्या. आता तू ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

पहिल्या स्लाइडवर बर्फाच्या तुकड्यावर उभं राहिलेलं पांढरं अस्वल. दुसरीवर पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर. मग हरितगृह वायूंची एकच आकृती तीन रंगांत तीनदा. मग क्योटो, मग पॅरिस, मग वितळणाऱ्या हिमनद्या. शिरूरचं नाव यायला चाळिसावी स्लाइड उजाडते, आणि तेही भेगा पडलेल्या जमिनीच्या एका फोटोखाली. त्या फोटोत मागे नारळीची रांग दिसतेय. कान्हूर मेसाईच्या माळावर नारळीची रांग कधी पाहिलीस रे?

तुला विचारलं, हे कोणासाठी? तू म्हणालास, "माहीत नाही बाई, कॉलेजातून सांगितलं की हवामानावर एक प्रेझेंटेशन करून टाक." किती वेळ? "काही बोलले नाहीत." किती स्लाइड्स? "तेही नाही." मग सत्तेचाळीसच का? "जेवढं मिळालं तेवढं घातलं." घोडं पेंड खातंय ते इथे.

सांगणाऱ्यानं अर्धवट सांगितलं, हे मला मान्य आहे. आपल्याकडे असंच सांगतात. पण अर्धवट काम हातात आलं की माणसानं एक तर विचारावं, नाही तर स्वतः ठरवावं. तू दोन्ही केलं नाहीस. काहीच ठरवलेलं नाही हे कोणाला कळू नये म्हणून माहितीचा ढीग घातलास, आणि त्याला मेहनत म्हणतोयस. रात्र रात्र जागलास ते डोळ्यांवरून दिसतंय. त्याचे गुण मी देणार नाही.

आधी विचारायचं काय, ते समजून घे. समोर कोण बसणार? एकूण वेळ किती, आणि त्यात प्रश्नोत्तरं धरली आहेत का? जागा कुठली, म्हणजे पडदा दिसेल इतका अंधार तिथे होतो का, की मंदिरासमोरच्या मंडपात भर दुपारी सगळं पांढरंफटक दिसणार आहे? आणि ऐकून झाल्यावर लोकांनी काय करावं अशी बोलावणाऱ्याची इच्छा आहे? हे एका फोनचं काम आहे. शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात, आणि खरी मेख त्यातच असते. पर्यावरण दिनाचा फोटो वर पाठवायचा असेल, तर बोलावणाऱ्याला दहा मिनिटं पुरतात. पीकविम्याच्या आधी शेतकऱ्यांशी बोलायचं असेल, तर दहा मिनिटांत काही होत नाही.

स्लाइड्स किती, हे मात्र कोणाला विचारायचंच नाही. तो आकडा वेळेतून निघतो. सावकाश, समजेल असं मराठी बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. आलेख दाखवायचा तर आधी आडव्या रेषेवर काय आहे आणि उभ्या रेषेवर काय आहे ते सांगावं लागतं, लोकांच्या नजरा तिथे पोचायला वेळ द्यावा लागतो, मगच आलेखाचं म्हणणं मांडता येतं. एका आलेखाला दोन-तीन मिनिटं सहज जातात. नुसत्या चित्राला एक मिनिट. म्हणजे वीस मिनिटं मिळाली, त्यातली पाच प्रश्नांना ठेवली, तर उरलेल्या पंधरा मिनिटांत सात-आठ स्लाइड्स. सत्तेचाळीस दाखवायच्या तर प्रत्येकीला वीसेक सेकंद येतात. तेवढ्यात गर्दीतल्या म्हाताऱ्या माणसाचा चष्मासुद्धा डोळ्यांवर चढत नाही.

शिवाय आपल्याकडचे कार्यक्रम कसे चालतात, हे तू लहानपणापासून पाहतोयस. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-नारळ, मग सरपंचांचं मनोगत, मग ज्यांचं नाव पत्रिकेत चुकून राहिलं त्यांचं मनोगत. तुला अर्धा तास म्हणून सांगतात आणि माइक हातात येतो तेव्हा बारा मिनिटं उरलेली असतात, त्यातही मागे जेवणाच्या पंगतीची भांडी वाजायला लागलेली. तेव्हा असं रच की बाराव्या मिनिटाला थांबावं लागलं तरी मुख्य गोष्ट सांगून झालेली असेल. तुझी मुख्य गोष्ट चाळिसाव्या स्लाइडवर आहे. म्हणजे ती कोणालाच ऐकू जाणार नाही.

आता समजा फोन उचलला नाही, किंवा उचलला आणि "तुम्हीच बघा काय ते" असं उत्तर आलं. तेही नेहमीचंच. मग आपणच ठरवायचं, आणि ठरवलेलं पहिल्या पानावर लिहून बोलावणाऱ्याला पाठवायचं: "श्रोते शेतकरी आणि कॉलेजची मुलं असे मिश्र धरले आहेत, वेळ वीस मिनिटं धरला आहे, वेगळं असल्यास कळवावं." एवढी एक ओळ लिहिली की बोलावणारा आपोआप जागा होतो. मोघम विचारल्यावर मोघमच उत्तर येतं. समोर चुकीचा आकडा दिसला की माणूस लगेच दुरुस्त करतो.

तू म्हणशील, श्रोते शिरूर-दौंडचे, एवढं धरलं की झालं. नाही झालं. पाबळ-केंदूरच्या बाजूचा माणूस पावसाकडे बघून बाजरी-कांदा करतो. त्याला पावसाच्या खंडाची भीती. मांडवगण फराट्याचा, नाही तर भीमेपलीकडच्या राहू बेटाचा माणूस नदीच्या पाण्यावर ऊस करतो. त्याला खंडाचं एवढं नाही. पाणी अंगावर येण्याचं भय आहे, आणि कालव्याचं आवर्तन लांबण्याचं. खोरला अंजिराची बाग असलेल्या माणसाला अवकाळी पाऊस नको. दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या माणसाला शेतच नाही. त्याला उकाडा आणि नळाचं पाणी. तालुके दोनच, ऐकणारे चार तऱ्हांचे. चौघांना मिळून एकच अस्वल दाखवलंस तर चौघेही उठून चहाला जातील.

तेव्हा त्यातल्या त्यात अवघड श्रोता धर. माझ्या मते तो पाबळकडचा जिरायत शेतकरी. तो पहिला प्रश्न काय विचारेल, ते लिही, कारण किती खोलात जायचं ते त्या प्रश्नावरून ठरतं. तो पॅरिस कराराचं विचारणार नाही. तो विचारेल: "२०२३ ला आमचा तालुका दुष्काळी जाहीर केला, आणि २०२५ च्या मे महिन्यात दौंड-बारामतीकडे ओढे फुटले. हे हवामान बदलामुळेच ना?" तुझं सगळं बोलणं या एका प्रश्नाचं उत्तर. ज्या स्लाइडचा या प्रश्नाशी संबंध नाही ती काढ. अस्वलापासून सुरुवात कर.

आता उत्तर. इथे तुझा अभ्यास किती उथळ आहे ते दिसतं. तू २०२३ आणि २०२५ च्या पावसाचे दोन खांब शेजारी उभे केलेस आणि वर लिहिलंस, "पाऊस वाढला!" उद्गारचिन्हासकट. दोन वर्षांवरून कल निघत नाही. हवामानाची सरासरी काढतात ती निदान तीस वर्षांची. एक वर्ष कोरडं आणि एक ओलं, हे आपल्या पट्ट्यात तुझ्या पणजोबांनीही पाहिलंय. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत बसलोय. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आपल्याकडे ढोबळमानाने पाचशेच्या आसपास. पाचशेच पडणाऱ्या ठिकाणी दोन-तीन मोठे पाऊस आले की वर्ष चांगलं, चुकले की दुष्काळ. १८७६-७८ चा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ धुराड्यांच्या हिशेबात मांडता येत नाहीत. हे आधी कबूल कर. शेतकऱ्याला हे माहीतच असतं. तू कबूल केलंस तर तो तुझं पुढचं ऐकेल.

मग २०२३ वेगळं काढ. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, आणि देशभरातला ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सरकारनं ऑक्टोबरअखेर राज्यातले चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात शिरूर आणि दौंड दोन्ही होते. हेच दोन तालुके २०१८ च्या यादीतही होते. आणि दुष्काळ जाहीर होणं म्हणजे नुसता पाऊस कमी होणं नव्हे, हेही एका वाक्यात सांग. २०१६ च्या संहितेप्रमाणे आधी पावसाची तूट आणि खंड बघतात, मग पेरणी, उपग्रहावरून पिकाची स्थिती, जमिनीतला ओलावा, जलसाठे हे बघतात, आणि शेवटी निवडलेल्या गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. तेव्हा तुझ्या "दुष्काळ वाढले" या वाक्यात पाऊस किती आणि शासनाचा निकष किती, हे कोणी विचारलं तर तुझ्याकडे उत्तर हवं.

इथपर्यंत तू हवामान बदलाबद्दल काहीच बोललेला नाहीस, आणि ते बरोबर आहे. आता बोल. पुण्यातल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, २०२० मध्ये भारताच्या हवामान बदलावर मोठा अहवाल काढला. त्यातले दोनच आकडे घे. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. आणि १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातल्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी एक अंशाने वाढलं. आपला पाऊस समुद्रावरून येतो, म्हणून पावसासाठी दुसरा आकडा धरायचा. तू पहिला धरलास. ही चूक बारीक वाटते, पण तिच्यावर पुढचा सगळा हिशेब अवलंबून आहे.

हिशेब असा. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. हे भौतिकशास्त्र आहे, कोणाचं मत नाही. म्हणजे पूर्वी जो पाऊस एका रात्रीत शंभर मिलिमीटर झाला असता, तो ढोबळमानाने एकशे सात होईल. आता हे पाबळच्या माणसाला मिलिमीटरमध्ये सांगू नकोस. एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. शंभर मिलिमीटर म्हणजे चार लाख लिटर, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. वरचे सात मिलिमीटर म्हणजे आणखी जवळजवळ तीन टँकर, त्याच एकरात, त्याच रात्री. टँकर त्याला कळतो. उन्हाळ्यात त्यानं टँकरची वाट पाहिलेली असते.

आता नीट ऐक, कारण इथेच बहुतेक वक्ते तोंडघशी पडतात. या हिशेबातून असं निघत नाही की ते शंभर मिलिमीटर हवामान बदलामुळे पडले. पाऊस आला तो वाऱ्यांच्या आणि ढगांच्या त्या वेळच्या रचनेमुळे. १३ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातला तीव्र कमी दाबाचा पट्टा आंध्रच्या किनाऱ्यावर चढला आणि तेलंगणातून सरकत आपल्याकडे आला. म्हणून पुढच्या रात्री सोलापूर, इंदापूर, दौंडकडे ओढ्यांना पूर आले. २०२५ ला मान्सून केरळात १ जूनऐवजी २४ मेलाच पोचला, आणि मे अखेरीस आपल्याकडे झोडपून काढलं. पाऊस यायचा होता, तो आला. वाढलेल्या उष्णतेनं त्याच्या हातात थोडं जास्त पाणी दिलं, इतकंच ठामपणे म्हणता येतं. एखाद्या ठिकाणच्या एखाद्या रात्रीचा वाटा सात टक्क्यांहून कमी-जास्त असू शकतो. तो ठरवायचा तर त्या घटनेचा वेगळा अभ्यास लागतो, आणि असा अभ्यास नसेल तर त्या रात्रीचं नाव घेऊन टक्का सांगायचा नाही.

हीच उष्णता उलट बाजूनेही काम करते, आणि पाबळच्या माणसाला ती बाजू जास्त जवळची. तापलेली हवा जमिनीतलं आणि पिकातलं पाणीही जास्त ओढते. म्हणून तितक्याच दिवसांच्या खंडात ओल आधीपेक्षा लवकर उडते. पीकविम्याच्या निमित्तानं "एकवीस दिवसांचा खंड" हे शब्द गावागावांत पोचलेत. मुरमाड रानात बाजरीला एकविसावा दिवस दिसतच नाही, ती त्याआधीच माना टाकते. पाऊस तितकाच पडला तरी वर्ष कोरडं जाऊ शकतं, हे या एका वाक्यात सांगून होतं. तुझ्या सत्तेचाळीस स्लाइड्समध्ये हे वाक्य नाही.

बाविसाव्या स्लाइडवर तू मोठ्या लाल अक्षरांत लिहिलंयस, "अतिवृष्टी तिप्पट." आकडा खोटा नाही. आयआयटीएमचेच रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेला आहे, १९५० ते २०१५ या काळातल्या मोठ्या प्रदेशावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीबद्दल. पण तो मध्य भारताच्या पट्ट्याचा आहे. तू खाली शिरूरचा नकाशा डकवलास. वड्याचं तेल वांग्यावर काढतात ते असं. आकडा वापरायचाच तर "मध्य भारतात" हे दोन शब्द आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत लिही.

मग आपल्या तालुक्याचा आकडा कुठून आणायचा? कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळानुसार रोजचा पाऊस मिळतो. तिथून आपल्या मंडळाचा घे. तळेगाव ढमढेरे, पाबळ, न्हावरे, मलठण, आणि दौंडकडचे यवत, केडगाव, पाटस. लोकांना आपल्या मंडळाचं नाव दिसलं की ते पुढे सरकून बसतात. पण त्या नोंदी तीस वर्षांच्या नाहीत. म्हणून त्यांतून "हवामान बदललं" असं काढायचं नाही. त्यांतून एवढंच दाखवायचं की एकाच तालुक्यात एका मंडळात पाऊस असतो आणि शेजारच्यात नसतो, आणि वर्षाच्या एकूण पावसातला मोठा वाटा मोजक्या दिवसांत पडून जातो. पावसाचे दिवस मोज आणि त्यांतले सगळ्यात मोठे पाच दिवस बाजूला काढ. त्या पाच दिवसांत वर्षाचा किती पाऊस पडला, तो आकडा सांग. हा हिशेब तू वहीत एका संध्याकाळी करू शकतोस आणि तो कोणी खोडून काढू शकत नाही. लांब काळाची नोंद हवी तर पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेची आहे, पण तिच्यावर "पुणे" असंच लिहायचं.

दौंडकडच्यांसाठी आणखी एक स्लाइड लागेल. ती तू केलेलीच नाहीस याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण तुझं आजोळ नदीकाठचं. दौंडला पूर येतो तेव्हा दौंडला पाऊस असतोच असं नाही. पाणी येतं घाटमाथ्यावरून. खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून सुमारे एकोणतीस टीएमसी साठवतात. ती भरली की पाणी मुठेत सुटतं, मुळा-मुठा होऊन आपल्या दोन तालुक्यांच्या सीमेवर, रांजणगाव सांडस आणि वाळकीपाशी भीमेला मिळतं. त्याच्या आधी तुळापूरला इंद्रायणी मिळालेली असते. मग सगळं मिळून दौंडच्या पुलाखालून उजनीत. पावसाळ्यात रोज बातमीत येतं ना, "दौंडजवळ विसर्ग इतके क्युसेक"? त्या आकड्याचा अर्थ तिथल्या तिथे लावून दाखव. ११,५७४ क्युसेक विसर्ग पूर्ण चोवीस तास राहिला तर एक टीएमसी पाणी जातं. म्हणजे एक लाख क्युसेकचा दिवस झाला तर साडेआठ टीएमसीहून जास्त. राहू बेटातल्या माणसासाठी हवामान बदल म्हणजे त्याच्या डोक्यावरचा पाऊस नव्हे. घाटात एका दिवशी किती कोसळतं आणि धरणात त्या वेळी किती जागा शिल्लक असते, ते. हे त्याला सांगितलंस तर तो तुला प्रश्न विचारेल. आणि तो प्रश्न तुला येणार नाही, तेव्हा "पाटबंधारे खात्याकडून विचारून सांगतो" म्हणायचं. शरम वाटायचं कारण नाही.

झालं. आता रचना आपोआप दिसतेय का? पहिली स्लाइड प्रश्नाची, दुसरी दोन वर्षांच्या फोटोंची. फोटो आपल्या गावातले, स्वतः काढलेले किंवा ज्याचे त्याला विचारून घेतलेले. तिसरी पर्जन्यछायेची: हे असं पूर्वीपासूनच आहे. चौथी आपल्या मंडळाच्या पावसाची, मोठ्या पाच दिवसांसकट. पाचवी तापमानाची आणि टँकरच्या हिशेबाची. सहावी खंड आणि ओल यांची. सातवी नदीची, श्रोते नदीकाठचे असतील तरच. आठवी उत्तराची: यातलं किती निसर्गाच्या जुन्या खोडीचं, किती वाढलेल्या उष्णतेचं, आणि किती आत्ताच सांगता येत नाही. आठवी वाचून दाखवायला माणसाला तीस सेकंद लागावेत, त्याहून जास्त नाही.

हाच कणा ताणता येतो आणि आखडताही येतो. आठवीच्या वर्गात आठ मिनिटं मिळाली तर पहिली, तिसरी, पाचवी आणि आठवी. त्या वयाच्या मुलांना टँकरचा हिशेब फळ्यावर स्वतः करू दे, एल निनो नको. कॉलेजात पाऊण तास मिळाला तर चौथीच्या तीन कर, एल निनोला एक पूर्ण स्लाइड दे, सात टक्क्यांमागचं भौतिकशास्त्र सांग, आणि मध्य भारताचा तो आकडा आणून तो आपल्यावर का लावता येत नाही हेही दाखव. तालुक्याच्या अधिकाऱ्यांपुढे उभा राहिलास तर नदीची स्लाइड पहिली. बाकीचं, ज्याचा तुला मोह सुटत नाही ते, शेवटच्या स्लाइडनंतर ठेव. कोणी विचारलं तर काढायचं, नाही विचारलं तर तिथेच राहू दे. क्योटो तिथे टाक. अस्वल तिथेही नको.

आणि गुळगुळीत शेवट करू नकोस. "चला, झाडे लावूया" ही तुझी शेवटची स्लाइड आहे. ती तुझ्या पहिल्या शेहेचाळीस स्लाइड्समधल्या कशातूनच निघत नाही. झाडं लाव, माझी ना नाही, पण पाबळच्या माणसानं विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. उत्तर आठव्या स्लाइडवर देऊन झालं की थांबायचं आणि प्रश्न घ्यायचे.

कॉलेजात आत्ता फोन लाव. चार प्रश्न विचार. उद्या दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर वर सांगितलं तसं ठरवून, लिहून, त्यांना पाठव. मग पाबळ मंडळाचा गेल्या पाच वर्षांचा रोजचा पाऊस उतरवून घे आणि सगळ्यात मोठे पाच दिवस लाल पेनाने खुणाव. गुरुवारी संध्याकाळी तो कागद घेऊन ये. स्लाइड्स आपण त्यानंतर करू.